चोवीस तारखेला त्या कुठे होत्या?

आस्थापना शाखेत मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका लिपिकबाईंच्या रजेचा आदेश टाइप करून मी अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. चार ओळींचे पत्र, त्यात चुकण्यासारखे काय असणार, असे मला वाटत होते. साहेबांनी ते वाचले, लाल पेन उघडले आणि मला विचारले, ‘‘चोवीस तारखेला या बाई कुठे आहेत?’’ मी म्हणाले, ‘‘त्या दिवशी शनिवार आहे साहेब, सुट्टी आहे.’’ ते म्हणाले, ‘‘ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. या कागदाला ठाऊक आहे का?’’

त्या प्रश्नावर माझी पुढची सगळी नोकरी झाली. रजा मंजुरीचा आदेश रजेवर जाणाऱ्या माणसासाठी असतो, असे आपण समजतो. पण त्याला काय हवे असते? रजा मिळाली की नाही, एवढेच. ते त्याला तोंडीही कळते. तो कागद खऱ्या अर्थाने वाचणारी माणसे वेगळीच असतात. महिनाअखेरीला पगारबिल करणारा लेखा शाखेतला लिपिक, सेवापुस्तकात नोंद घेणारा कर्मचारी, वेतन पडताळणी पथक, आणि वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचे प्रकरण तपासणारा कोणी अनोळखी माणूस. या अनोळखी माणसाला अर्जदार माहीत नसतो, अधिकारी माहीत नसतो आणि त्या साली कोणत्या शनिवारी कार्यालय बंद होते हेही माहीत नसते. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. त्या माणसाला उत्तर देता आले पाहिजे, अशा बेताने आदेश लिहायचा असतो.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 लागू आहेत, आणि माझा सगळा अनुभव त्यांच्यातलाच आहे. या नियमांचा पाया एका वाक्यात आहे : रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सेवेची निकड असेल तर सक्षम प्राधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रद्दही करू शकतो. म्हणून अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली, हा समज चुकीचा आहे. ‘‘अर्ज टाकून आलोय’’ असे सांगून गावी गेलेल्या माणसाला परत आल्यावर कार्योत्तर मंजुरीसाठी हेलपाटे घालावे लागतात, ते यामुळेच. गंमत अशी की आपल्या भाषेतले शब्दही हेच सांगतात. रजा, मंजूर आणि रुजू हे तिन्ही शब्द मराठीत अरबीतून आले. रजेचा मूळ अर्थ संमती. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले. ‘नजर’ आणि ‘मंजूर’ यांचे मूळ एकच. आणि रुजू म्हणजे परत येणे. कोणीतरी नजर घातली, संमती दिली आणि परत येण्याचा दिवस ठरवून दिला, एवढे तीन भाग त्या कागदात नीट उतरले पाहिजेत.

आता तो माझा पहिला मसुदा. नावे आणि कार्यालय वगळते आणि तारखा अलीकडच्या, 2025 सालच्या घालते, म्हणजे वाचणाऱ्याला कॅलेंडर उघडून ताडून पाहता येईल. मी लिहिले होते ते असे :

‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या अर्जानुसार आपली दि. 13 मे पासून 23 मे पर्यंतची रजा मंजूर करण्यास हरकत नाही. तरी रजा संपताच आपण वेळेवर कामावर हजर व्हावे.’

वाचायला हे अगदी ठीकठाक वाटते. असे आदेश आजही निघतात. पण लाल पेन घेऊन बसले की जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली रेघ येते.

पहिली रेघ ‘हरकत नाही’ या शब्दांखाली. ही टिपणीची भाषा आहे. लिपिक फाइलवर टिपणी लिहितो तेव्हा तो साहेबांना सुचवत असतो : रजा शिल्लक आहे, मंजूर करण्यास हरकत नसावी, मान्यतेस्तव सादर. साहेब त्यावर सही करतात आणि निर्णय होतो. आदेश हा झालेला निर्णय कळवतो. तिथे ‘मंजूर करण्यात येत आहे’ असेच लिहावे लागते. टिपणीतले वाक्य उचलून आदेशात चिकटवले की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की रजा मंजूर झाली, की मंजूर करायला कोणाची हरकत नव्हती एवढेच खरे? ‘करण्यात येत आहे’ या कर्मणी धाटणीला लोक फार नावे ठेवतात. सरकारी मराठीतल्या बोजडपणाबद्दल माझीही तक्रार आहे, पण इथे मी त्या धाटणीच्या बाजूने आहे. मंजुरी ती व्यक्ती देत नसते, ते पद देत असते. साहेब उद्या बदलून गेले तरी आदेश कायम राहतो. कोणी दिली याचे उत्तर खाली सही आणि पदनामात असते, आणि म्हणूनच पदनाम नसलेली नुसती आद्याक्षरी असलेला आदेश मी कधी पुढे जाऊ दिला नाही.

दुसरी रेघ ‘पर्यंत’ या शब्दाखाली, आणि हा आपल्या भाषेतलाच पेच आहे. ‘तेवीसपर्यंत रजा आहे’ म्हणजे तेवीस तारीख रजेत धरायची की तेवीसला कामावर यायचे? बोलताना आपण दोन्ही अर्थांनी म्हणतो. ‘दहापर्यंत येतो’ म्हणणारा दहा वाजताच येतो, आणि ‘दहापर्यंत मोज’ म्हटले की पोर दहा धरून मोजते. म्हणून आदेशात ‘13 मे 2025 ते 23 मे 2025 (दोन्ही दिवस धरून)’ असे लिहायचे आणि पुढे एकूण दिवस आकड्यात टाकायचे. हे दिवस मोजतानाही हटकून चूक होते. तेविसातून तेरा वजा केले की दहा येतात, पण रजा अकरा दिवसांची आहे, कारण पहिला दिवसही खर्ची पडतो. दोन तारखा आणि एकूण दिवस असे तिन्ही लिहिले की एकमेकांची साक्ष मिळते. त्यांपैकी एकात टंकनाची चूक झाली तर उरलेल्या दोहोंवरून ती पकडता येते. ‘13 मेपासून 11 दिवस’ असे मोघम लिहिले आणि अकराचे चुकून एकवीस झाले, तर ती चूक पकडायला कागदावर काहीच उरत नाही.

सालही लिहायचेच. ते कशाला लिहायचे, जावक क्रमांकाखाली तारीख आहेच की, असे वाटते. पण डिसेंबरात अर्ज आणि जानेवारीत रजा असे झाले की गोंधळ होतो, आणि सेवापुस्तकाला चिकटवलेल्या प्रतीचा वरचा कोपरा पंचवीस वर्षांत फाटलेला असतो.

तारखेबरोबर वार लिहायची सवय मला त्या अधीक्षकांनी लावली. तेव्हा ती मला उगाचची बारीकी वाटली. पण महाराष्ट्रात शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो 29 फेब्रुवारी 2020 पासून. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार एवढीच सुट्टी असे. म्हणजे 2014 सालच्या आदेशातला शनिवार सुट्टीचा होता की कामाचा, हे आज बघणाऱ्याला मनाने ठरवता येत नाही. ज्या आदेशात वार आणि सुट्टीच्या तारखा स्पष्ट लिहिल्या आहेत, तिथे त्याला ठरवावे लागतही नाही.

तर चोवीस तारीख. 2025 च्या मे महिन्यात 10 ला शनिवार, 11 ला रविवार आणि सोमवारी 12 ला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती. बाई शुक्रवारी, 9 तारखेला काम संपवून निघणार. त्यांची रजा मंगळवारी 13 ला सुरू होते, शुक्रवारी 23 ला संपते, आणि त्या सोमवारी 26 ला परत येतात. घरच्यांच्या हिशेबाने त्या सोळा दिवस बाहेर आहेत. रजेच्या हिशेबाने अकरा. मधले पाच दिवस, म्हणजे आधीचे तीन आणि नंतरचे दोन, हे सुट्टीचे आहेत आणि ते रजेला जोडून घेतलेले आहेत. कार्यालयात याला सगळे ‘प्रीफिक्स-सफिक्स’ म्हणतात. जोडून घ्यायला परवानगी लागते, ती बहुधा सहज मिळते, पण ती कागदावर यावी लागते. 17 आणि 18 मे हे शनिवार-रविवार मात्र रजेच्या पोटात आले आहेत. ते सुट्टीचे असूनही अर्जित रजेतच मोजले जातात. पुष्कळांना हे अन्यायाचे वाटते, आणि अर्ज लिहिताना ते ‘एकूण 9 दिवस’ असे लिहून मोकळे होतात. आदेश लिहिणाऱ्याने अर्जातला आकडा तसाच उतरवून घेतला तर दोन दिवस कमी पडतात. हे दोन दिवस पुढे कधीतरी तपासणीत निघतात आणि तेव्हा खात्यातून वजा होतात. चूक झाली तेव्हा कर्मचाऱ्याचा काही फायदा झालेला नसतो आणि दुरुस्तीच्या वेळी मनस्ताप मात्र होतो.

तिसरी रेघ साध्या ‘रजा’ या शब्दाखाली. कोणती रजा?

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्यांत महाग पडणारी चूक इथेच होते. अर्जित रजा, म्हणजे ज्याला सगळे ‘ईएल’ म्हणतात, ती दर सहामाहीला 15 दिवस आगाऊ खात्यात जमा होते, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस मिळते. नावाप्रमाणे या रजेत निम्मा पगार मिळतो. स्वतः आजारी पडलेल्या माणसाला निम्म्या पगारावर राहावे लागू नये म्हणून परिवर्तित रजेची सोय आहे : वैद्यकीय प्रमाणपत्र दिले की पूर्ण पगार मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. यांपैकी काहीच शिल्लक नसले किंवा कर्मचाऱ्याने तशी मागणी केली तर असाधारण रजा असते, बिनपगारी. नैमित्तिक रजा, म्हणजे ‘सीएल’, ही या अर्थाने रजाच नव्हे. ती घेणारा माणूस कामावर हजर आहे असेच धरले जाते, म्हणून तिची नोंद सेवापुस्तकातल्या रजा खात्यात होत नाही.

अकरा दिवसांची रजा एवढेच लिहिले तर काय काय होऊ शकते ते पाहा. अर्जित धरली तर खात्यातून 11 दिवस जातात. परिवर्तित धरली तर दुसऱ्या खात्यातून 22. अर्धवेतनी धरली तर 11 दिवसांचा निम्मा पगार जातो. असाधारण धरली तर अख्खा पगार जातो, पुढच्या सहामाहीत जमा होणारी अर्जित रजा त्या दिवसांच्या एक दशांशाने कमी होते, आणि ती वैद्यकीय कारणाशिवाय असेल तर वेतनवाढीसाठीही ते दिवस धरले जात नाहीत. एकच माणूस, तेच अकरा दिवस, आणि एका विशेषणावर इतके अवलंबून.

हा प्रकार ठरवायचा कोणी? अनेक अधिकाऱ्यांना वाटते की आपण. नियम तसे म्हणत नाही. अधिकारी रजा नाकारू शकतो, पण खाती शिल्लक असलेली आणि अर्जात मागितलेली रजा बदलून त्या जागी दुसऱ्या प्रकारची देऊ शकत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी विनंती हवी. एकदा एका अधिकाऱ्यांनी आजारपणाच्या अर्जावर ‘अर्जित मंजूर’ असा शेरा मारला होता. अर्जदाराने परिवर्तित रजा मागितली होती, प्रमाणपत्र जोडले होते, खात्यात रजाही होती. साहेबांचा हेतू वाईट नव्हता. अर्जित भरपूर आहे, ती वापरू दे, असे त्यांना वाटले. पण अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंत रोखीत मिळते, आणि म्हणून माणसे ती पै-पै जपावी तशी जपतात. तिचा एकेक दिवस म्हणजे अखेरच्या मासिक पगाराचा आणि त्यावरच्या महागाई भत्त्याचा तिसावा हिस्सा. मी फाइल परत त्यांच्यासमोर नेली, नियम दाखवला आणि त्यांनी शेरा बदलला. असे दाखवायला गेले की अधिकारी रागावतात, हा अनुभव मला फारसा आला नाही. नियमाचे पान उघडून समोर ठेवले की बहुतेक जण वाचतात.

चौथी रेघ ‘वेळेवर’ या शब्दाखाली होती. तिच्याकडे येईनच. आधी दुरुस्त झालेला आदेश पाहू. क्रमांक, दिनांक आणि ‘वाचा’ या शब्दापुढचा अर्जाचा संदर्भ सोडून मजकूर असा झाला :

‘श्रीमती ———, लिपिक-टंकलेखक, यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधील नियम 50 अन्वये मंगळवार, दि. 13 मे 2025 ते शुक्रवार, दि. 23 मे 2025 (दोन्ही दिवस धरून) अशी एकूण 11 दिवसांची अर्जित रजा खाजगी कारणासाठी मंजूर करण्यात येत आहे.

2. रजेच्या आधी दि. 10, 11 व 12 मे 2025 आणि रजेनंतर दि. 24 व 25 मे 2025 या सुट्ट्या जोडून घेण्यास, तसेच या काळात मुख्यालय सोडण्यास परवानगी देण्यात येत आहे.

3. त्यांनी दि. 9 मे 2025 रोजी कार्यालय सोडण्यापूर्वी आवक-जावक नोंदवही व कपाटाच्या किल्ल्या श्री. ——— यांच्याकडे सोपवाव्यात. श्री. ——— यांनी स्वतःचे काम सांभाळून हा कार्यभार पाहावा.

4. रजा संपल्यावर त्यांनी सोमवार, दि. 26 मे 2025 रोजी म.पू. याच कार्यालयात याच पदावर रुजू व्हावे व त्याच दिवशी रुजू अहवाल सादर करावा.

5. श्रीमती ——— या रजेवर गेल्या नसत्या, तर याच पदावर कार्यरत राहिल्या असत्या, असे प्रमाणित करण्यात येते.

6. या रजेपूर्वी त्यांच्या खाती 142 दिवस अर्जित रजा शिल्लक होती. ही रजा वजा जाता 131 दिवस शिल्लक राहते.’

खाली सही, पदनाम, आणि प्रती : संबंधित कर्मचारी, लेखा शाखा, सेवापुस्तक, निवड नस्ती.

यातला पाचवा परिच्छेद नवख्यांना हमखास कोड्यात टाकतो. बाई रजेवर गेल्या नसत्या तर इथेच असत्या, हे काय सांगायला हवे? सांगायला हवे, कारण कित्येक माणसे एखाद्या पदावर तात्पुरती किंवा स्थानापन्न म्हणून काम करत असतात. रजेच्या काळातच त्यांचे ते काम संपणार असेल, तर त्या रजेचे दिवस वरच्या पदावरच्या वेतनवाढीत धरता येत नाहीत. ते संपणार नव्हते, माणूस राहिलाच असता, हे सांगू शकतो तो मंजुरी देणारा अधिकारी, आणि तेही त्याच वेळी. दहा वर्षांनी हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून हे एक वाक्य तेव्हाच लिहून ठेवायचे.

तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी पुष्कळ आदेशांत एक वाक्य दिसते : ‘प्रलंबित कामे पूर्ण करण्याच्या अटीवर रजा मंजूर करण्यात येत आहे.’ या वाक्याने मी एक प्रकरण वर्षभर लटकलेले पाहिले आहे. कामे पूर्ण झाली नाहीत, तर रजा मंजूर झाली की नाही? अट मोडली म्हणजे मंजुरीच गेली, असा अर्थ लेखा शाखेने काढला आणि पगार अडवला. कर्मचारी म्हणे कामे झाली होती; कोणती कामे, हे आदेशात लिहिलेलेच नव्हते. मंजुरीची अट आणि कामाची सूचना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे मी त्या प्रकरणातून शिकले. किल्ल्या कोणाकडे, नोंदवही कोणाकडे, कोणत्या दिवशी, असे नेमके सांगितले की ती सूचना होते. ती पाळली नाही तर जाब विचारता येतो, पण रजेला धक्का लागत नाही. खरी अट घालायची असेल तर ती पुरी झाली की नाही हे कागदावरून कळले पाहिजे. वैद्यकीय रजेवरून परत येताना सक्षमता प्रमाणपत्र देणे ही तशी अट आहे : कागद आला की पुरी झाली, नाही आला तर नाही.

‘कामाच्या निकडीनुसार रजा केव्हाही रद्द करण्यात येईल’ हे वाक्य मी आदेशातून काढायला लागले ते वेगळ्या कारणाने. तो अधिकार नियमात आहेच, आदेशात न लिहिल्याने तो जात नाही. आणि मुलीच्या लग्नासाठी रजा घेणाऱ्याच्या हातातल्या कागदावर ते वाक्य वाचले की त्याच्या चेहऱ्यावर काय येते, ते मी पाहिले आहे. त्याऐवजी रजेच्या काळातला पत्ता आणि फोन अर्जात घेऊन ठेवावा. खरोखर निकड आली तर उपयोग त्याचाच होतो.

आता ‘वेळेवर’. रुजू होण्याच्या वाक्यात चार गोष्टी लागतात : दिवस, वेळ, ठिकाण आणि पद. म.पू., म्हणजे मध्यान्हपूर्व, असे लिहिले की तो पूर्ण दिवस कामाचा ठरतो. ठिकाण आणि पद लिहायचे कारण असे की रजेवरून परतणारा माणूस त्याच खुर्चीवर येईल असे आपोआप ठरत नाही. लांबच्या रजेत त्याची जागा भरलेली असू शकते. मग तो पहिल्या दिवशी जुन्या कार्यालयात जातो, तिथे त्याला हजर करून घेत नाहीत, आणि दोन कार्यालयांच्या मध्ये चार दिवस कोणाच्याच हजेरीपटावर येत नाहीत. लवकर परत यायचे असले तरी मंजुरी देणाऱ्याची परवानगी लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. रजा रद्द झाल्याशिवाय कामावर बसलेला माणूस कागदावर रजेवरच असतो. आणि उशीर झाला, मुदतवाढही मिळाली नाही, तर त्या दिवसांचे रजा वेतन मिळत नाही, दिवस अर्धवेतनी रजेतून वजा होतात आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

आदेश एकदा नीट लिहिला की पुढचा घोळ कसा टळतो, हे मुदतवाढीच्या वेळी समजते. समजा, या बाई गावी असतानाच तापाने आजारी पडल्या. डॉक्टरांनी 24 मे ते 6 जून विश्रांतीचे प्रमाणपत्र दिले आणि त्यांनी परिवर्तित रजेचा अर्ज पाठवला. वरवर पाहता नवी रजा 26 मेपासून द्यायची, कारण 24 आणि 25 या सुट्ट्या आधीच जोडून दिलेल्या आहेत. पण आता रजा 23 ला संपत नाही. ते शनिवार-रविवार दोन रजांच्या मध्ये सापडले, त्यामुळे त्यांना सुट्टी म्हणून बाहेर ठेवता येत नाही. परिवर्तित रजा 24 मेपासून धरायची : मेचे 8 दिवस, जूनचे 6, एकूण 14. अर्धवेतनी खात्यातून जाणार 28 दिवस.

म्हणून दुसऱ्या आदेशात नवी रजा देण्याआधी जुन्याची एक फांदी छाटावी लागते : ‘दि. 7 मे 2025 च्या आदेशातील परिच्छेद 2 अन्वये दि. 24 व 25 मे 2025 या सुट्ट्या रजेनंतर जोडून घेण्यास दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे.’ मग ‘शनिवार, दि. 24 मे 2025 ते शुक्रवार, दि. 6 जून 2025 (दोन्ही दिवस धरून) अशी एकूण 14 दिवसांची परिवर्तित रजा’, मग 7 आणि 8 जूनच्या सुट्ट्या, आणि शेवटी ‘सोमवार, दि. 9 जून 2025 रोजी म.पू. वैद्यकीय सक्षमता प्रमाणपत्रासह रुजू व्हावे. प्रमाणपत्राशिवाय रुजू करून घेण्यात येणार नाही’. परिच्छेदांना क्रमांक का घालायचे, ते इथे कळते. जुन्या आदेशातला नेमका एक तुकडा उचलून बाजूला काढता येतो, बाकीचा जसाच्या तसा राहतो.

मी नोकरीच्या उत्तरार्धात निवृत्तीची प्रकरणे बघत होते तेव्हा एक सेवापुस्तक आठ महिने अडकले होते. आदेशात रजा शुक्रवारपर्यंत, रुजू अहवाल सोमवारचा, मधल्या दोन दिवसांबद्दल एक अक्षर नाही, आणि साल 2020 च्या पुष्कळ आधीचे. तो शनिवार कामाचा असला तर माणूस त्या दिवशी विनापरवाना गैरहजर ठरत होता. जुनी कॅलेंडरे शोधून तो चौथा शनिवार होता हे मी दाखवले, त्या काळच्या अधिकाऱ्यांचे पद आता ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून सुट्ट्या जोडून घेण्यास कार्योत्तर मंजुरी घेतली, आणि प्रकरण पुढे गेले. निवृत्त झालेले गृहस्थ दर पंधरा दिवसांनी येऊन बाकावर बसायचे. मंजुरी आली त्या दिवशी सेवापुस्तकाचे ते पान मी त्यांच्यासमोर उघडले, दोन दिवसांची नोंद लाल शाईने घातली आणि साहेबांकडे सहीला पाठवली. त्यांनी वाकून ती ओळ वाचली आणि म्हणाले, ‘‘ताई, मी त्या दोन दिवसांत कुठे होतो, ते मला आठवतसुद्धा नाही हो.’’